नावाआधी ‘सीए’, नावानंतर ‘एफसीए’: कोणते अक्षर कुठे लिहावे?

लग्नपत्रिका छापायला देताना, ऑफिसच्या दारावरची पाटी करून घेताना किंवा व्याख्यानाची निमंत्रणपत्रिका तयार करताना एक प्रश्न हमखास येतो. ‘ॲड.’, ‘सीए’, ‘सीएस’ ही अक्षरे नावाआधी लिहायची की नंतर? आणि एकाच व्यक्तीकडे दोन-तीन पात्रता असतील तर आधी कोणती? बहुतेक वेळा हा निर्णय छपाईवाल्यावर सोडला जातो आणि तो जागा पाहून अक्षरे बसवतो. मात्र या तिन्ही व्यवसायांना संसदेने केलेले कायदे आहेत आणि व्यावसायिकाने स्वतःला काय म्हणवून घ्यावे याचे नियमही आहेत. ते कळले की अक्षरांच्या जागेचा प्रश्न बराचसा सुटतो.

चार्टर्ड अकाउंटंटपासून सुरुवात करू, कारण याबाबतचे सर्वांत तपशीलवार नियम तिथे सापडतात. चार्टर्ड अकाउंटंट्स ॲक्ट १९४९ चा आहे. चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेचे सभासद दोन प्रकारचे असतात, असोसिएट आणि फेलो. असोसिएटला नावानंतर ‘एसीए’ आणि फेलोला ‘एफसीए’ लिहिण्याचा अधिकार हा कायदाच देतो. म्हणजे कायद्याने दिलेली अक्षरे नावाच्या मागे येतात. नावाच्या पुढे लागणारे ‘सीए’ पुष्कळ नंतरचे आहे. संस्थेच्या कौन्सिलने सभासदांना त्याची मुभा दिली आणि आता तेच सर्वत्र रूढ झाले आहे. कंपनी सेक्रेटरींचेही असेच आहे. त्यांचा कायदा १९८० चा, नावामागची अक्षरे ‘एसीएस’ किंवा ‘एफसीएस’, आणि पुढचे ‘सीएस’ वापराने रुळलेले. कॉस्ट अकाउंटंटच्या बाबतीत नावामागे पूर्वी ‘एआयसीडब्ल्यूए’ असायचे. २०१२ मध्ये संस्थेचे नाव बदलले आणि त्या जागी ‘एसीएमए’, ‘एफसीएमए’ आले.

‘एफसीए’ पाहून अनेकांना वाटते की ही सीएच्या वरची एखादी परीक्षा असावी. तसे नाही. असोसिएट सभासदाने भारतात सलग किमान पाच वर्षे प्रॅक्टिस केली, किंवा कौन्सिलने त्याच्या बरोबरीचा मानलेला अनुभव असला, की तो अर्ज आणि फी भरून फेलो होऊ शकतो. म्हणून ‘एसीए, एफसीए’ असे दोन्ही लिहिणे चूक आहे. फेलो झाल्यावर आधीचे अक्षर गळून पडते. ‘सीए अमुक तमुक, एफसीए’ ही मांडणी मात्र सर्रास दिसते. ती नियमाविरुद्ध नाही, पण त्यात एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. माझे मत असे की ज्या कागदावर पदव्या लिहायच्या आहेत तिथे नावामागे ‘एफसीए’ पुरे आणि जिथे फक्त नाव घ्यायचे आहे, म्हणजे सभेचे वृत्त, आभार, निमंत्रण अशा ठिकाणी, नावाआधी ‘सीए’ पुरे.

‘सीए’ लिहिण्याचा अधिकार नेमका केव्हा मिळतो, याबद्दल घरोघरी गैरसमज आहे. अंतिम परीक्षेचा निकाल लागला की त्याच संध्याकाळी चौकात ‘सीए’ लिहिलेला अभिनंदनाचा फलक लागतो. कौतुक स्वाभाविक आहे, पण कायद्याच्या दृष्टीने तो मुलगा किंवा मुलगी अजून सभासद झालेली नसते. परीक्षा, आर्टिकलशिप आणि इतर अटी पूर्ण करून सभासदत्वाचा अर्ज करावा लागतो. संस्थेच्या नोंदवहीत नाव चढले आणि सभासदत्व क्रमांक मिळाला, की मग हे पदनाम वापरता येते. सभासद नसताना स्वतःला चार्टर्ड अकाउंटंट म्हणवणे हा याच कायद्याखाली शिक्षेचा गुन्हा आहे. ‘सीए इंटर’ ही तर पात्रताच नव्हे, तो शिक्षणातला एक टप्पा आहे. बायोडेटात ‘इंटरमिजिएट परीक्षा उत्तीर्ण’ असे शिक्षणाच्या रकान्यात लिहावे. नावाला चिकटवू नये. दुसऱ्या टोकालाही एक अडचण असते. वार्षिक फी भरायची राहिली म्हणून सभासदाचे नाव नोंदवहीतून कमी होऊ शकते, आणि ते पुन्हा चढेपर्यंत पदनाम वापरण्याचा अधिकारही राहत नाही. परीक्षा पास असणे तेवढ्याने पुरत नाही.

नोंदवहीत नाव असले तरी आणखी एक भेद उरतो. सभासद नोकरीत असू शकतो किंवा प्रॅक्टिसमध्ये. प्रॅक्टिससाठी वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते. कायद्याचे सातवे कलम म्हणते की प्रॅक्टिस करणाऱ्या सभासदाने चार्टर्ड अकाउंटंट हे पदनाम वापरलेच पाहिजे आणि इतर सभासदांनी हवे तर वापरावे. त्यामुळे एखाद्या कारखान्यात वित्त विभागात नोकरी करणारी व्यक्तीही नावाआधी ‘सीए’ लिहिते, आणि ते योग्यच असते. पण ती तुमच्या ट्रस्टच्या ताळेबंदाचे ऑडिट करून सही देऊ शकत नाही. ‘सीए’ ही दोन अक्षरे सभासदत्व सांगतात, सही करण्याचा अधिकार सांगत नाहीत.

याच सातव्या कलमातला दुसरा भाग सर्वांत कामाचा आहे. चार्टर्ड अकाउंटंट हे पदनाम वापरणाऱ्याने त्याच्या जोडीला किंवा त्याऐवजी दुसरे कोणतेही वर्णन वापरायचे नाही. सूट आहे ती, मिळवलेली पात्रता किंवा मान्य संस्थेचे सभासदत्व दाखवणारी अक्षरे नावाला जोडण्याची. आचारसंहितेत हे आणखी स्पष्ट केले आहे: व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, पाटी अशा व्यावसायिक कागदांवर विद्यापीठाची पदवी चालेल, पण ‘इन्कम टॅक्स कन्सल्टंट’, ‘मॅनेजमेंट कन्सल्टंट’, ‘कंपनी सेक्रेटरी’, ‘कॉस्ट अकाउंटंट’ अशी वर्णने चालणार नाहीत. पात्रता दाखवणारी अक्षरे वेगळी आणि व्यवसाय सांगणारे पदनाम वेगळे, हा फरक इथे नीट धरून ठेवावा लागतो. पात्रता कितीही असोत, त्या कागदावर पदनाम एकच.

हा आग्रह कशासाठी, ते समजून घेण्यासारखे आहे. पदनामावरून ग्राहकाला दोन गोष्टी कळायला हव्यात: ही व्यक्ती कोणत्या अधिकाराने काम करते आहे, आणि काम बिघडले तर तक्रार कुणाकडे न्यायची. सीएच्या विरुद्धची तक्रार त्यांच्या संस्थेच्या शिस्तपालन यंत्रणेकडे जाते, वकिलाविरुद्धची बार कौन्सिलकडे. कागदावर दोन्ही पदनामे शेजारी शेजारी असतील तर सल्ला कोणत्या नात्याने दिला हेच ठरत नाही आणि दोन्ही दारांवर ‘हे आमच्या कक्षेत येत नाही’ असे ऐकायची वेळ येते. म्हणून ज्याच्याकडे सनदही आहे अशा सीएसाठी संस्थेने स्पष्ट भूमिका घेतली आहे. बार कौन्सिलची परवानगी असेल तर त्याने वकिलीचे काम करावे, पण त्या कामात ‘चार्टर्ड अकाउंटंट’ वापरू नये. इतर कामांत ‘चार्टर्ड अकाउंटंट’ वापरावे. दोन्ही एकत्र कधीच नाहीत. ‘ॲड. सीए’ ही जोडी व्यावसायिक कागदावर बसत नाही ती यामुळे.

आता वकिलांकडे वळू. अधिवक्ता अधिनियम १९६१ चा. त्यात ‘ॲड.’ हा शब्द कुठेही उपपद म्हणून दिलेला नाही. तो रूढीने आला. आपल्याकडे त्याआधी ‘वकील’ हा शब्द आडनावामागेच लागायचा आणि गावात अजूनही लागतो. न्यायालयाच्या कागदांतही ‘ॲडव्होकेट’ पुष्कळदा नावामागेच येते. वकीलपत्राखाली नाव, मग ‘वादीतर्फे वकील’, मग बार कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असा क्रम असतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे बार कौन्सिल एकच आहे आणि त्याच्या क्रमांकात राज्याची अक्षरे, नोंदणीचा अनुक्रम आणि वर्ष अशा तीन गोष्टी तिरप्या रेघांनी जोडलेल्या असतात. ‘ॲड.’ खरे की खोटे हे ठरते ते या क्रमांकावर.

एलएल.बी. झालेला प्रत्येक जण ॲडव्होकेट नसतो. पदवी विद्यापीठ देते, सनद राज्य बार कौन्सिल देते. २०१० पासून त्यात अखिल भारतीय बार परीक्षेचीही भर पडली. ज्याने नुसती पदवी घेतली आहे त्याने नावामागे ‘एलएल.बी.’ लिहावे, पुढे ‘ॲड.’ लिहू नये. नाव नोंदवलेले नसताना न्यायालयात वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद अधिनियमाच्या पंचेचाळिसाव्या कलमात आहे. आणखी एक गोष्ट अनेक सुशिक्षित घरांतही माहीत नसते. प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला पूर्ण वेळची पगारी नोकरी करता येत नाही. एखाद्या कंपनीत किंवा बँकेत विधी अधिकारी म्हणून रुजू होताना सनद स्थगित करून घ्यावी लागते. ती स्थगित असेपर्यंत ईमेलच्या खाली ‘ॲड.’ ठेवणे योग्य नाही. तिथे नाव, ‘एलएल.बी.’ आणि कंपनीतले पद लिहावे. नोकरी सोडून सनद पुन्हा सुरू केली की ‘ॲड.’ परत येते.

वकिलाच्या पाटीवर काय नसावे, हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या छत्तिसाव्या नियमात आहे. पाटी बेताच्या आकाराची हवी. आपण बार कौन्सिलचे किंवा एखाद्या वकील संघटनेचे अध्यक्ष वा सदस्य आहोत किंवा होतो, पूर्वी न्यायाधीश किंवा महाधिवक्ता होतो, अमुक प्रकारच्या खटल्यांत आपला हातखंडा आहे, यातले काहीही पाटीवर किंवा लेटरहेडवर दिसता कामा नये. आपल्या तालुक्यांच्या गावांत कोर्टासमोरच्या रस्त्यावर ‘फौजदारी व घटस्फोट प्रकरणांचे तज्ज्ञ’, ‘माजी अध्यक्ष, वकील संघ’ असे लिहिलेल्या पाट्या दिसतात, त्या सरळ या नियमात अडकतात. पाटीवर नाव, पदव्या, ‘ॲडव्होकेट’, पत्ता आणि फोन, एवढेच असावे.

हे सगळे एका उदाहरणावर लावून पाहू. या लेखापुरते एक नाव घेऊ, नेहा जोशी. त्या बी.कॉम., एलएल.बी. आहेत. सीए आणि सीएस या दोन्ही संस्थांच्या सभासद आहेत. सीएमध्ये फेलो, सीएसमध्ये असोसिएट. बार कौन्सिलकडे नोंदणीही झालेली आहे. सध्या पुण्यात एका सीए फर्ममध्ये भागीदार म्हणून ऑडिट आणि कराचे काम करतात. छापखान्यातून कार्डाचा नमुना आला तो असा: ‘ॲड. सीए सीएस नेहा जोशी, बी.कॉम., एलएल.बी., एसीए, एफसीए, एसीएस, टॅक्स कन्सल्टंट, स्थापना २०११’.

आधी ‘ॲड.’ काढायचे, कारण हे कार्ड सीए फर्मचे आहे आणि दोन पदनामे एकत्र येत नाहीत. मग नावाआधीचे ‘सीएस’ काढायचे. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएच्या कार्डावर ते कंपनी सेक्रेटरी या दुसऱ्या पदनामासारखे वाचले जाते. त्यांचे ते सभासदत्व लपवायचे नाही, ते नावामागे ‘एसीएस’ म्हणून पात्रतांच्या ओळीत राहील. ‘एसीए’ जाईल, कारण त्या फेलो झाल्या आहेत. ‘टॅक्स कन्सल्टंट’ हे पदनामाशेजारचे दुसरे वर्णन, म्हणून तेही जाईल. ‘स्थापना २०११’ हे काढायचे, कारण प्रॅक्टिस किंवा फर्म कधी सुरू झाली ते व्यावसायिक कागदावर लिहू नये असे आचारसंहिता सांगते. जुनेपणाची जाहिरात होऊ नये हा त्यामागचा हेतू. नावाआधीचे ‘सीए’ ठेवले तरी चालेल, पण खाली पूर्ण पदनाम येणार असल्याने त्याची गरज नाही. उरते ते असे:

नेहा जोशी
बी.कॉम., एलएल.बी., एफसीए, एसीएस
चार्टर्ड अकाउंटंट

पात्रतांचा क्रम लावताना विद्यापीठाच्या पदव्या आधी आणि व्यावसायिक सभासदत्वे नंतर, असा आपल्याकडचा प्रघात आहे. सभासदत्वांत ज्याच्या आधारे हे काम चालते ते आधी घ्यावे. याच नेहाताईंनी उद्या सीएची प्रॅक्टिस सोडून पूर्ण वेळ वकिली धरली, तर कार्ड वेगळे होईल: वर नाव, मग ‘बी.कॉम., एलएल.बी.’, खाली ‘ॲडव्होकेट’ आणि नोंदणी क्रमांक. जुन्या कार्डावर खोडाखोड करून ते साधत नाही.

आता त्यांची ऑडिट रिपोर्टवरची सही पाहू. तिचा नमुना ऑडिटच्या मानकांत ठरलेला आहे आणि त्यात नावाआधी काहीच नसते:

(फर्मचे नाव) करिता
चार्टर्ड अकाउंटंट्स
फर्म नोंदणी क्रमांक
(सही)
नेहा जोशी
भागीदार
सदस्यत्व क्रमांक

त्याच्यासोबत ठिकाण, तारीख आणि यूडीआयएन. कुणी नावाआधी ‘सीए’ टाइप केले म्हणून अहवाल बाद होत नाही. पण सदस्यत्व क्रमांक किंवा यूडीआयएन राहून गेला तर बँक आणि सरकारी कार्यालये कागद परत करतात, आणि ते बरोबरच आहे. कंपनी सेक्रेटरीच्या सहीखाली असेच दोन क्रमांक लागतात. सेक्रेटरियल ऑडिटच्या अहवालाच्या ठरलेल्या नमुन्यात नावाखाली एसीएस किंवा एफसीएस क्रमांक आणि त्यानंतर सीपी क्रमांक, म्हणजे प्रॅक्टिसच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. कंपनीत नोकरीला असलेल्या सेक्रेटरीच्या सहीखाली फक्त सभासदत्व क्रमांक दिसतो आणि त्याच्या सुरुवातीच्या अक्षरावरून असोसिएट की फेलो हे कळते. सीपी क्रमांक नसलेल्या सहीने बाहेरच्या कंपनीचे प्रमाणपत्र आले तर तिथेच थांबून विचारावे.

लग्नपत्रिका हा आपल्याकडचा सर्वांत नाजूक विषय. ‘चि. सौ. कां. सीए नेहा’ लिहावे का, असे मला अनेकदा विचारले जाते. पत्रिका हा व्यावसायिक कागद नाही. चार्टर्ड अकाउंटंटच्या संस्थेने लग्नाच्या किंवा धार्मिक कार्याच्या निमंत्रणावर पदनाम लिहायला मुभा दिली आहे, अट एवढीच की ते निमंत्रण ग्राहक, नातेवाईक आणि जवळच्या मित्रमंडळींनाच जावे. पत्रिकेचा उपयोग धंद्याच्या जाहिरातीसाठी होऊ नये हा त्यामागचा हेतू. म्हणून ‘सीए’ लिहिलेली पत्रिका या मंडळींना द्यायला हरकत नाही, पण तीच दुकानांच्या काउंटरवर ठेवणे किंवा फर्मच्या नावासकट चौकात लावणे टाळावे.

पत्रिकेवर क्रम लावताना ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ सर्वांत आधी येतात, कारण ते वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद आहेत. व्यवसायाचे उपपद नावाला चिकटून येते. ‘चि. ॲड. अमोल’, ‘चि. सौ. कां. डॉ. सायली’ असे. ‘श्री.’ आणि ‘श्रीमती’ मात्र व्यावसायिक उपपदाबरोबर येत नाहीत. ‘श्री. ॲड.’ लिहिण्याची गरज नाही, ‘ॲड.’ मध्ये आदर आलाच. मराठीत आदर क्रियापदातूनही दिसतो: ‘सीए नेहा जोशी मार्गदर्शन करतील’ यात काही उणे राहत नाही. आई-वडिलांच्या नावांना मुलांच्या पदव्यांची बरोबरी व्हावी म्हणून त्यांच्या जुन्या परीक्षा शोधून लावण्याची धडपड काही पत्रिकांत दिसते. माझा आग्रह असा की घरातल्या सगळ्यांची नावे एकतर उपपदांसकट लिहावीत किंवा सगळ्यांची उपपदांशिवाय. एकाच ओळीत निम्मे असे आणि निम्मे तसे झाले की वाचणाऱ्याला घरातली उतरंड दिसू लागते.

टिंबांचा नियम सोपा आहे. शब्द मध्येच तोडला असेल तर टिंब द्यायचे: ‘ॲडव्होकेट’ चे ‘ॲड.’, ‘डॉक्टर’ चे ‘डॉ.’, ‘प्राध्यापक’ चे ‘प्रा.’. आद्याक्षरे उच्चाराप्रमाणे लिहिली असतील तर टिंबाची गरज नाही: ‘सीए’, ‘सीएस’, ‘एफसीए’. जुन्या छपाईत ‘सी. ए.’ असे दिसते, ते चूक नाही. एका कागदावर एकच पद्धत असावी, इतकेच.

जिथे ही अक्षरे अजिबात लिहायची नाहीत अशी एक जागा आहे, आणि तिथली चूक सर्वांत महाग पडते: ओळखीचे कागद. पॅनच्या अर्जातली सूचना स्पष्ट सांगते की नावाआधी श्री, श्रीमती, कुमारी, डॉ., मेजर असे काही लावू नये. ‘सीए’ आणि ‘ॲड.’ यांनाही तेच लागू. उत्साहाच्या भरात कुणी बँकेच्या फॉर्मवर पहिल्या नावाच्या चौकटीत ‘ॲड.’ भरले, तर संगणक त्यालाच पहिले नाव समजतो. मग आधारवर ‘अमोल’, बँकेत ‘ॲड अमोल’, पॅनवर आणखी तिसरेच, अशी स्थिती होते आणि पॅन-आधार जोडणीत, डिजिटल सहीच्या प्रमाणपत्रात किंवा कर्जाच्या कागदांत नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो. फॉर्मवर संबोधनाचा वेगळा रकाना असेल तर त्यातून निवडावे. नसेल तर सोडून द्यावे. मालमत्तेच्या दस्तात आणि मृत्युपत्रात नाव आधारवर आहे तसेच लिहावे आणि ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘वकिली’ किंवा ‘चार्टर्ड अकाउंटंट’ असे नोंदवावे.

हे झाले लिहिणाऱ्याचे. वाचणाऱ्यालाही ही अक्षरे तपासता यायला हवीत, विशेषतः गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरीला किंवा ट्रस्टच्या खजिनदाराला. सीएने दिलेल्या प्रमाणपत्रावरचा यूडीआयएन अठरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा सही करणाऱ्याच्या सदस्यत्व क्रमांकाचे, आणि उरलेली दहा अक्षरे-अंक संगणकाने दिलेली. म्हणून पहिली तपासणी कागदावरच होते: सहीखालचा सदस्यत्व क्रमांक आणि यूडीआयएनमधला तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतचा आकडा एकच आहे का ते पाहा. मग संस्थेच्या यूडीआयएन पोर्टलवर तो क्रमांक टाका. तिथे कुणालाही पडताळणी करता येते. कागद कोणत्या प्रकारचा आणि कोणत्या तारखेचा म्हणून नोंदवला आहे ते दिसते. ताळेबंदातले आकडे आणि पोर्टलवर नोंदवलेले आकडे जुळत नसतील तर सही खरी असूनही कागद बदललेला असू शकतो.

सोसायट्यांच्या ऑडिटमध्ये आणखी एक अक्षरसमूह भेटतो, ‘जीडीसी अँड ए’. हा महाराष्ट्राच्या सहकार खात्याचा, सहकार आणि लेखाशास्त्राचा शासकीय डिप्लोमा. तो असलेली व्यक्ती सीए नसते, पण सहकार खात्याच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेवर तिचे नाव असेल तर सोसायटीचे ऑडिट तिच्याकडे देता येते. अशा लेखापरीक्षकाच्या कागदावर ‘सीए’ शोधू नये. नामतालिकेवरचा क्रमांक पाहावा. उलट ज्याच्या पाटीवर फक्त ‘टॅक्स कन्सल्टंट’ किंवा ‘अकाउंटंट’ आहे त्याने रिटर्न भरून दिले तरी चालेल, पण नावाआधी ‘सीए’ लावून ऑडिटची सही दिली तर सदस्यत्व क्रमांक मागायचाच.

बांधकामाच्या नकाशावर एक गोंधळ हमखास होतो. सहीखाली ‘सीए’, मग तिरपी रेघ, वर्ष, पुन्हा रेघ आणि एक आकडा असे दिसते आणि सोसायटीतल्या कुणीतरी ‘यावर सीएची सही आहे’ असे मिनिट्समध्ये लिहून टाकते. तो कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक असतो. १९७२ च्या कायद्यानुसार ‘आर्किटेक्ट’ ही पदवी नोंदणीशिवाय वापरता येत नाही, म्हणून तो क्रमांक तिथे हवाच. पण त्यातले ‘सीए’ लेखापालाचे नाही. अशा नोंदीत ‘आर्किटेक्ट’ हा शब्द पूर्ण लिहून पुढे क्रमांक द्यावा.